एका रात्रीत तीन दिवसांचं व्याज

२८ फेब्रुवारी २०२३ हा मंगळवार होता आणि १ मार्च हा बुधवार. मधे एकच रात्र. पण ‘७.१७% जीएस २०२८’ नावाच्या केंद्र सरकारच्या रोख्यावर त्या एका रात्रीत तीन दिवसांचं व्याज चढलं. ज्याच्याकडे दहा लाख रुपये दर्शनी मूल्याचे हे रोखे होते, त्याचं साचलेलं व्याज मंगळवारी ९,९५८ रुपये ३३ पैसे होतं आणि बुधवारी ते १०,५५५ रुपये ८३ पैसे झालं. एरवी याच रोख्यावर दिवसाला १९९ रुपये १७ पैसे व्याज जमा होतं. त्या रात्री ५९७ रुपये ५० पैसे जमा झाले.

महिनाभर आधी याच्या उलट घडलं होतं. ३० जानेवारीला साचलेलं व्याज ४,३८१ रुपये ६७ पैसे होतं. ३१ जानेवारीलाही ते तेवढंच राहिलं. तो अख्खा दिवस व्याजाच्या हिशेबात आलाच नाही.

यात कुणाची चूक नाही, संगणकातला दोषही नाही. आपल्याकडे सरकारी रोख्यांवरचं व्याज ज्या रीतीने मोजतात, तिचं नाव ‘थर्टी बाय थ्री सिक्स्टी’. प्रत्येक महिना ३० दिवसांचा, प्रत्येक वर्ष ३६० दिवसांचं, भिंतीवरची दिनदर्शिका काहीही म्हणो. कंपन्यांच्या कर्जरोख्यांना मात्र आपल्याच देशात दुसरी रीत लागू आहे. तिला ‘ॲक्च्युअल बाय ॲक्च्युअल’ म्हणतात. तिच्यात प्रत्यक्ष गेलेले दिवस मोजतात आणि वर्षाच्या प्रत्यक्ष दिवसांनी भागतात. दोन्ही प्रकारचे रोखे आता सामान्य माणूस घरबसल्या विकत घेऊ शकतो. रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि दहा हजार रुपयांचाही सरकारी रोखा घेता येऊ लागला. कंपन्यांचे कर्जरोखे डिमॅट खात्यात येतात. म्हणून हा हिशेब आता फक्त बँकांच्या ट्रेझरी विभागातल्या मंडळींपुरता राहिलेला नाही.

आधी साचलेलं व्याज ही काय भानगड आहे ते पाहू. ‘७.१७% जीएस २०२८’ हा रोखा ८ जानेवारी २०१८ ला निघाला आणि त्याची मुदत ८ जानेवारी २०२८ ला संपते. व्याज वर्षातून दोनदा मिळतं, ८ जानेवारीला आणि ८ जुलैला. दहा लाखांवर वर्षाचं व्याज ७१,७०० रुपये, म्हणजे प्रत्येक हप्ता ३५,८५० रुपयांचा. हप्ता ज्या दिवशी देय होतो त्या दिवशी रोखा ज्याच्या नावावर असेल, त्याला सगळा हप्ता मिळतो. त्याने तो सहा महिने सांभाळला की आठवड्यापूर्वी घेतला, हे सरकार पाहत नाही.

आता समजा, विक्रेत्याने जानेवारीपासून रोखा ठेवला आणि १ मार्चला विकला. त्याच्या वाट्याचं जवळजवळ दोन महिन्यांचं व्याज जुलैमध्ये खरेदीदाराच्या खात्यात जाणार. म्हणून खरेदीदार रोख्याच्या किमतीबरोबर हे व्याजही विक्रेत्याला आधीच चुकतं करतो. बाजारात याला ‘ॲक्रूड इंटरेस्ट’ किंवा ‘ब्रोकन पीरियड इंटरेस्ट’ म्हणतात. पडद्यावर जी किंमत दिसते ती या व्याजाशिवायची असते, तिला ‘क्लीन प्राइस’ म्हणतात. हे व्याज मिळवल्यावर प्रत्यक्ष द्यावी लागणारी रक्कम ती ‘डर्टी प्राइस’. समजा, भाव शंभर रुपयांमागे ९९ रुपये ५० पैसे आहे. दहा लाखांच्या रोख्याचे ९,९५,००० रुपये झाले, त्यात १०,५५५ रुपये ८३ पैसे मिळवले की खरेदीदाराच्या खात्यातून १०,०५,५५५ रुपये ८३ पैसे जातात. पहिल्यांदा रोखा घेणारे इथेच गोंधळतात. भाव शंभराच्या खाली असताना आपल्याकडून दहा लाखांहून जास्त रक्कम का घेतली, असा प्रश्न त्यांना पडतो. ही जादाची रक्कम खर्च नसते. पुढच्या हप्त्यात ती परत येते.

हे व्याज किती, हे ठरवण्यासाठी दोन आकडे लागतात. मागच्या हप्त्यापासून व्यवहार पुरा होण्याच्या तारखेपर्यंत किती दिवस झाले, हा वरचा आकडा. वर्षाचे दिवस किती धरायचे, हा खालचा. दिवस मोजण्याच्या रिती याच दोन आकड्यांबद्दल असतात, आणि त्यांच्यातले सगळे मतभेदही याच दोन आकड्यांचे.

सरकारी रोख्यांच्या रीतीत वरचा आकडा काढायला दिनदर्शिका लागतच नाही. वर्षांच्या फरकाला ३६० ने गुणा, महिन्यांच्या फरकाला ३० ने, आणि तारखांचा फरक त्यात मिळवा. ८ जानेवारी ते १ मार्च घ्या. महिन्यांचा फरक दोन, म्हणजे ६०. तारखांचा फरक १ वजा ८, म्हणजे उणे ७. उत्तर ५३. प्रत्यक्षात मात्र त्या काळात ५२ दिवस गेलेले असतात. ८ जानेवारी ते २८ फेब्रुवारीचा हिशेब केला तर ३० अधिक २०, म्हणजे ५० येतात. प्रत्यक्षात ५१ दिवस झालेले असतात. म्हणजे २८ तारखेला ही रीत एक दिवस मागे असते आणि दुसऱ्या दिवशी एक दिवस पुढे जाते. महिन्याची अखेर ३१ ला होत असेल तर ३१ ची ३० धरायची, म्हणून ३० आणि ३१ चं व्याज एकच.

पंचांग पाहणाऱ्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. तिथीही महिन्याला तीसच असतात आणि सूर्योदयांशी त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदयांना असते आणि एखादीला सूर्योदयच मिळत नाही. रोख्यांच्या कालगणनेत ३१ दिवसांच्या महिन्यात तीस तारखेची वृद्धी होते, आणि फेब्रुवारीत एकोणतीस व तीस या दोन तारखांचा क्षय होतो. क्षय झालेल्या दिवसांचं व्याज १ मार्चच्या माथी एकदम येतं. लीप वर्षात एकाच तारखेचा क्षय, त्यामुळे २९ फेब्रुवारी ते १ मार्च या रात्रीत दोन दिवसांचं व्याज.

ही रीत आली कुठून, हे तिच्या अंकगणितावरूनच कळतं. हिशेब कागदावर होत होते त्या काळी ३६० हा फार सोयीचा आकडा होता. दोन, तीन, चार, सहा, आठ, दहा, बारा, सगळ्यांनी त्याला भाग जातो. सहा महिने म्हणजे नेहमी १८० दिवस, त्यामुळे दर सहामाही हप्ता वर्षाच्या व्याजाच्या बरोबर निम्मा. आजही या रीतीचा खरा गुण हाच आहे. ८ जानेवारी ते ८ जुलै १८१ दिवसांचे असतात आणि ८ जुलै ते ८ जानेवारी १८४ दिवसांचे, तरी सरकार दोन्ही वेळा ३५,८५० रुपयेच देतं. लीप वर्षातही तेवढेच. पेन्शनीसारखं ठरावीक उत्पन्न हवं असलेल्या माणसाला ही निश्चिती मोलाची आहे.

पण या निश्चितीची किंमत कुणीतरी मोजतोच. ज्याने १ मार्च २०२३ ला रोखा घेतला, त्याच्याकडे पाहा. त्याने विक्रेत्याला ५३ दिवसांचं व्याज दिलं. विक्रेत्याकडे रोखा ५२ दिवसच होता. ८ जुलैच्या हप्त्यात खरेदीदाराला ३५,८५० रुपये मिळाले. दिलेले १०,५५५ रुपये ८३ पैसे वजा केले तर त्याच्या हाती २५,२९४ रुपये १७ पैसे उरले. हे १२७ दिवसांचं व्याज झालं, आणि रोखा त्याच्याकडे होता १२९ दिवस. तोच रोखा एक दिवस आधी, २८ फेब्रुवारीला घेतला असता तर १३० दिवस ठेवून १३० दिवसांचं व्याज मिळालं असतं. हप्त्याची रक्कम तीच, वर्षाचं व्याज तेच. बदललं ते फक्त विकणारा आणि घेणारा यांच्यातलं वाटप.

दहा हजारांचा रोखा घेणाऱ्याला हा फरक चार रुपयांचा आहे, आणि चार रुपयांसाठी कुणी खरेदीची तारीख बदलू नये. पण हे रोखे ज्या मंचावर विकले-घेतले जातात, त्या रिझर्व्ह बँकेच्या ‘एनडीएस-ओएम’वर भाव शंभर रुपयांमागे पाव पैशाने हलतो. फेब्रुवारीअखेरीच्या त्या दोन जादा दिवसांचं व्याज शंभर रुपयांमागे जवळजवळ चार पैसे होतं, म्हणजे भावाच्या सोळा पायऱ्या. शंभर कोटींच्या व्यवहारात ही रक्कम ३ लाख ९८ हजार रुपये होते. शिवाय बँकेने ते शंभर कोटी रात्रीपुरते उसने आणले असतील, तर त्या उसनवारीचं व्याज प्रत्यक्ष एका रात्रीचंच लागतं, कारण आपल्या मुद्रा बाजारात दिवस प्रत्यक्ष मोजतात आणि ३६५ ने भागतात. ३१ तारखेला उलटं होतं. उसनवारीचं व्याज चढतं आणि रोख्यावर काहीच जमत नाही. म्हणून महिनाअखेरीला रोखे विकणाऱ्या-घेणाऱ्यांना ही रीत डोक्यात ठेवूनच भाव लावावा लागतो.

इथे एक गोष्ट ओघात सांगून टाकतो. याच सरकारच्या ट्रेझरी बिलांना ३६० ची रीत लागत नाही. ती ९१, १८२ किंवा ३६४ दिवसांची असतात, त्यांच्यावर व्याजाचा हप्ता नसतो, ती सवलतीत विकली जातात आणि त्यांच्या परताव्याचा हिशेब ३६५ दिवसांवर होतो. महाराष्ट्र सरकार जे दीर्घ मुदतीचे रोखे काढतं, ते मात्र केंद्राच्या रोख्यांप्रमाणेच ३० आणि ३६० च्या हिशेबात येतात.

आता कंपन्यांच्या कर्जरोख्यांकडे येऊ. २९ ऑक्टोबर २०१३ च्या परिपत्रकाने सेबीने सगळ्यांना ‘ॲक्च्युअल बाय ॲक्च्युअल’ ही एकच रीत लावली. नियम सोपा आहे. जितके दिवस झाले तितके मोजा, आणि वर्षाचे ३६५ धरा. मुदतीतल्या ज्या वर्षात २९ फेब्रुवारी येते, त्या वर्षाला ३६६.

वरचाच आकडा घेऊन तुलना करू. समजा, ७.१७ टक्क्यांचा आणि त्याच तारखांचा रोखा सरकारऐवजी एखाद्या कंपनीने काढला असता. दिवसाचं व्याज ७१,७०० भागिले ३६५, म्हणजे १९६ रुपये ४४ पैसे. २८ फेब्रुवारीला ५१ दिवसांचे १०,०१८ रुपये ३६ पैसे, आणि १ मार्चला ५२ दिवसांचे १०,२१४ रुपये ७९ पैसे. एका रात्रीत एका दिवसाचं व्याज वाढलं, सामान्य माणसाची अपेक्षा असते तसंच. पण हप्ते मात्र सारखे राहिले नाहीत. जुलैचा हप्ता १८१ दिवसांचा, ३५,५५५ रुपये ३४ पैसे. जानेवारीचा १८४ दिवसांचा, ३६,१४४ रुपये ६६ पैसे. दोन्हींची बेरीज ७१,७०० रुपयेच.

दरमहा व्याज देणाऱ्या कर्जरोख्यांत हा चढउतार सगळ्यांत जास्त डोळ्यांत भरतो. निवृत्तीनंतर घरखर्चाला पैसे यावेत म्हणून पुष्कळ लोक हे रोखे घेतात. दहा लाखांवर ९ टक्के व्याज असेल तर मनात सरळ हिशेब होतो, नव्वद हजार भागिले बारा, महिन्याला साडेसात हजार. प्रत्यक्षात ३१ दिवसांच्या महिन्याचे ७,६४३ रुपये ८४ पैसे येतात, ३० दिवसांच्या महिन्याचे ७,३९७ रुपये २६ पैसे, आणि फेब्रुवारीचे ६,९०४ रुपये ११ पैसे. फेब्रुवारीचं व्याज हाती पडलं की कंपनीने सहाशे रुपये कापले अशी शंका येते, आणि कराची कपात झाली असावी असंही वाटतं. काही कापलेलं नसतं. सात मोठ्या महिन्यांत १४४-१४४ रुपये आधीच जास्त मिळालेले असतात किंवा पुढे मिळायचे असतात. वर्षाची बेरीज नव्वद हजारच होते.

लीप वर्षात आणखी एक बारकावा येतो, आणि तो भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. सेबीने स्पष्ट सांगितलं आहे की ३६६ चा भाजक पूर्ण वर्षाला लावायचा. व्याज सहामाही असेल तर दोन्ही हप्त्यांना, तिमाही असेल तर चारही हप्त्यांना, आणि मासिक असेल तर बाराही हप्त्यांना. आणि हे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, ते रोख्याच्या स्वतःच्या तारखेपासून चालतं. पुढची २९ फेब्रुवारी २०२८ साली आहे. समजा, तुमच्या रोख्याचं वर्ष १५ जून ते १५ जून असं आहे. मग १५ जून २०२७ पासूनच ३६६ ने भागायला सुरुवात होईल. ९ टक्क्यांच्या त्याच रोख्यावर ३१ दिवसांच्या महिन्याचे ७,६४३ रुपये ८४ पैशांऐवजी ७,६२२ रुपये ९५ पैसे येतील, आणि तेही २९ फेब्रुवारी यायच्या कितीतरी महिने आधी. २१ रुपयांचा हा फरक पाहून व्याजदर कमी केला असं समजू नये.

इथवर ‘ॲक्च्युअल बाय ॲक्च्युअल’ ही एकच रीत आहे असं वाटेल. तसं नाही, आणि परदेशी रोख्यांचे आकडे आपल्या रोख्यांशी ताडून पाहणाऱ्याची इथेच फसगत होते. अमेरिकी सरकारचे ट्रेझरी रोखे याच नावाच्या रीतीने चालतात. पण तिथे खालचा आकडा वर्षाचा नसतो, त्या हप्त्याच्या काळाचा असतो. सहामाही हप्ता आधी ठरलेला, वर्षाच्या व्याजाच्या बरोबर निम्मा. मग ते निम्मं व्याज त्या सहामाहीच्या प्रत्यक्ष दिवसांत वाटायचं. आपलं उदाहरण त्या रीतीने केलं तर ३५,८५० भागिले १८१, म्हणजे दिवसाला १९८ रुपये ७ पैसे. २८ फेब्रुवारीला साचलेलं व्याज १०,१०१ रुपये ३८ पैसे. सेबीच्या रीतीने ते १०,०१८ रुपये ३६ पैसे होतं. नाव तेच, रोखा तोच, तारीख तीच, तरी ८३ रुपयांचा फरक.

माझ्या मते या तिन्हींत ही अमेरिकी मांडणी सर्वांत नेटकी आहे. हप्ते सारखे राहतात आणि रोज एक दिवसाचंच व्याज चढतं. ३१ तारीख कोरडी जात नाही आणि १ मार्चला उडी नाही. तिच्यात उणीव एकच, दिवसाचा दर दोन सहामाहींत थोडा वेगळा असतो. १८४ दिवसांच्या सहामाहीत तो १९४ रुपये ८४ पैशांवर येतो. संगणक असताना ही काही अडचण नाही. १ जानेवारी १९९९ ला युरो चलन आलं, तेव्हा जर्मनीने आपले सरकारी रोखे ३० आणि ३६० च्या रीतीवरून याच प्रत्यक्ष दिवसांच्या रीतीवर नेले.

अमेरिकेत आणि आपल्याकडे ही वाटणी नेमकी उलटी आहे, हेही जाणून घेण्यासारखं आहे. तिथे सरकारी रोखे प्रत्यक्ष दिवसांवर आणि कंपन्यांचे व नगरपालिकांचे रोखे ३० आणि ३६० वर. आपल्याकडे सरकारचे ३० आणि ३६० वर आणि कंपन्यांचे प्रत्यक्ष दिवसांवर. अमेरिकेत नोकरीनिमित्त राहून तिथे आणि इथे दोन्हीकडे गुंतवणूक करणाऱ्या मराठी माणसाने तिथली सवय इथे वापरली, तर त्याचा हिशेब दोन्हीकडे चुकेल. त्यात ३० आणि ३६० चेही दोन पोटप्रकार आहेत. युरोपीय प्रकारात ३१ तारीख सरसकट ३० धरतात. अमेरिकी प्रकारात हप्त्याची तारीख महिन्याच्या मधली असेल तर ३१ ला एक दिवसाचं व्याज चढतं, आणि मग पुढच्या १ तारखेला काहीच चढत नाही. महिन्याची गोळाबेरीज दोन्हीकडे तीच, एक दिवस इकडे की तिकडे एवढाच भेद.

तुमच्या व्यवहारातलं व्याज बरोबर लावलं आहे की नाही, हे घरच्या संगणकावर एका मिनिटात पाहता येतं. एक्सेलमध्ये या दोन ओळी लिहा.

```
=DAYS360(DATE(2023,1,8),DATE(2023,3,1),TRUE)
=DATE(2023,3,1)-DATE(2023,1,8)
```

पहिलीचं उत्तर ५३ येईल, दुसरीचं ५२. शेवटचा `TRUE` युरोपीय प्रकारासाठी आहे. पहिली तारीख मागच्या हप्त्याची, दुसरी सेटलमेंटची. सौदा केला त्या दिवसाची तारीख इथे टाकू नये. सरकारी रोख्यांचा सौदा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो, आणि व्याज त्या दिवसापर्यंतचं मोजतात. शुक्रवारी सौदा केला तर सोमवारपर्यंतचं. सरकारी रोखा असेल तर पहिलं उत्तर घेऊन ३६० ने भागा, कंपनीचा असेल तर दुसरं उत्तर घेऊन ३६५ किंवा ३६६ ने. मग वर्षाच्या व्याजाने गुणा.

मागच्या हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी आली असेल तर एक चूक हमखास होते. २०२३ साली ८ जानेवारीला रविवार होता. हप्त्याची तारीख सुट्टीला आली की पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. बँकेच्या पासबुकात ९ तारीख पाहून माणूस तिथून मोजायला लागतो, आणि उत्तर एक दिवसाने कमी येतं. मोजणी मूळ तारखेपासून, ८ पासूनच होते. मुदत संपायचा दिवस सुट्टीचा असेल तर सरकारी रोख्याचे पैसे आदल्या कामकाजाच्या दिवशी मिळतात, हेही लक्षात असू द्या.

तुमचं उत्तर आणि कागदावरचा आकडा यांत फरक आला, तर फरकाच्या आकारावरून कारण ओळखता येतं. फरक बरोबर एक किंवा दोन दिवसांच्या व्याजाइतका असेल तर वरचा आकडा चुकला आहे. एकतर रीत वेगळी लागली, नाहीतर सुरुवातीची किंवा सेटलमेंटची तारीख. फरक एका दिवसाच्या व्याजापेक्षा कमी आणि अडनिडा असेल, तर खालच्या आकड्याकडे पाहा. तिथे ३६० च्या जागी ३६५ किंवा ३६५ च्या जागी ३६६ पडलेले असतात. ३६० आणि ३६५ मधला फरक शेकडा सुमारे १.४ असतो. ५० दिवसांच्या ९,९५८ रुपयांवर तो १३६ रुपयांचा होतो. त्याहून फार मोठा फरक निघाला तर दिवसमोजणीला दोष देऊ नका. तिथे व्याजदर, दर्शनी मूल्य किंवा हप्त्यांची संख्या यांतलं काहीतरी चुकलेलं असणार.

सौदा पुरा झाल्याच्या कागदावर साचलेल्या व्याजाची नुसती रक्कम देऊन भागत नाही. किती दिवस धरले आणि कितीने भागले, हे दोन आकडे तिच्या शेजारी छापलेच पाहिजेत, आणि प्रत्येक दलालाने आणि प्रत्येक ऑनलाइन मंचाने ते आपणहून छापावेत. ते नसतील तर मागून घ्या. कंपनीचा कर्जरोखा घेताना माहितीपत्रकात ‘डे काउंट’ या शीर्षकापुढे काय लिहिलं आहे ते आधी वाचा, आणि त्याच पानावर व्याजाच्या हप्त्यांचं नमुना वेळापत्रक असेल तर २०२७ आणि २०२८ सालच्या ओळी पाहून ३६६ चा भाजक कधीपासून लागतो ते पेन्सिलीने टिपून ठेवा.